भाडेकराराचा शेवट नेमका कोणत्या महिन्यात यावा? (पुणे, कर्वेनगर, टू बीएचके)

सदाफुली (१५ फेब्रुवारी २०२६)

नमस्कार. माझी कर्वेनगरमध्ये एक टू बीएचके सदनिका आहे आणि मी स्वतः नाशिकला राहते. १ जून २०२२ रोजी ती पहिल्यांदा भाड्याने दिली, तेव्हा जाहिरात टाकल्यापासून आठ दिवसांत कुटुंब मिळाले होते. त्यानंतर दर वेळी एजंटच्या सांगण्याप्रमाणे ११ महिन्यांचा करार होत गेला. पहिला ३० एप्रिल २०२३ ला संपला, दुसरा ३१ मार्च २०२४ ला, तिसरा २८ फेब्रुवारी २०२५ ला आणि चौथा ३१ जानेवारी २०२६ ला. तेच कुटुंब राहत असल्यामुळे तारीख दर वर्षी एक महिना अलीकडे सरकते आहे, हे माझ्या लक्षातच आले नाही. डिसेंबरमध्ये त्यांनी स्वतःचे घर घेतल्याचे सांगितले आणि जानेवारीअखेर जागा सोडली. आज पंधरा दिवस घर रिकामे आहे. बघायला एकूण तिघेच आले आणि त्यांतले दोघे नुसतेच भाव काढून गेले.

तिसरे कुटुंब चांगले आहे. त्यांना १ मार्चपासून घर हवे आहे. भाडे २६,००० आणि अनामत १ लाख ठरण्यासारखी आहे. परंतु एजंट पुन्हा ११ महिन्यांचाच करार करू म्हणतो, म्हणजे शेवट ३१ जानेवारी २०२७ ला येणार आणि मी पुन्हा याच जागी येऊन उभी राहणार. शाळाप्रवेश आणि बदल्या यांच्या हंगामाआधी घर हाती यावे यासाठी करार कसा बांधावा, की त्यापेक्षा दोन महिने थांबून मे महिन्यातच भाडेकरू शोधावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे.

बेलभंडार

ताई, सरळ थांबा. मे महिन्यात पुण्यात घरासाठी रांग लागते. माझ्या मेहुण्याने मागच्या वर्षी औंधमध्ये मे महिन्यात घर दिले, तर दोन हजार रुपये जास्त भाडे मिळाले. फेब्रुवारीत घाईने दिलेले घर वर्षभर कमी भाड्यात अडकून राहते. दुसरे असे की ११ महिन्यांच्या वर चुकूनही जाऊ नका. ११ महिन्यांपर्यंत करार नोंदवावा लागत नाही, आणि वर्ष ओलांडले की भाडेकरूला कुळासारखे हक्क मिळतात. ही गोष्ट आमच्या घरात आजोबांपासून सांगितली जाते.

दस्तवाले

मी दस्त लिहिण्याच्या कामात तीस वर्षे घालवली आहेत, म्हणून बेलभंडार यांच्या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर आधी देतो, कारण सदाफुली यांचा सारा प्रश्न त्या ११ या आकड्यातच अडकलेला आहे.

भाडेपट्टा एक वर्षाहून अधिक मुदतीचा असेल तर तो नोंदवलाच पाहिजे, असे १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे आणि त्यातूनच देशभर ११ महिन्यांची सवय पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याच्या परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग तो चार महिन्यांचा असो वा चाळीस महिन्यांचा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नोंदवला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठा तोटा असा की वाद झाल्यास अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते आधी खरे धरले जाते. त्यामुळे ११ महिन्यांत राहून आपल्या राज्यात नोंदणी वाचत नाही.

आजोबांची भीती मात्र निराधार नव्हती. जुन्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक चालू कराराने जागेत होते त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्या एका तारखेने दोन पिढ्यांची झोप उडवली. आजच्या कायद्यात परवान्याची मुदत संपली की जागा परत मिळण्याचा हक्क आहे आणि तो हक्क ११ महिन्यांच्या करारात जितका आहे तितकाच २४ महिन्यांच्या करारातही आहे. मुद्रांक शुल्काचा जो दर चालतो, तो ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला एकच आहे.

आता मूळ गोष्ट. ११ महिन्यांचा करार दर फेरीला एक महिना मागे सरकतो, म्हणजे जूनमध्ये सुरू झालेले घर चार फेऱ्यांत जानेवारीत येऊन पडते. त्यावर उपाय एवढाच की एकदा विषम मुदतीचा करार करून शेवट हव्या त्या महिन्यात आणायचा आणि पुढे नूतनीकरण १२ महिन्यांचेच करायचे, म्हणजे तारीख जागची हलत नाही. आपला करार १ मार्च २०२६ ला सुरू झाला, तर १४ महिन्यांनी तो ३० एप्रिल २०२७ ला संपेल. पुढचा १ मे २०२७ ते ३० एप्रिल २०२८.

सदाफुली

दस्तवाले, मनःपूर्वक आभार. चार वर्षांत हे एकदाही कुणी सांगितले नाही. १४ महिन्यांच्या कराराने खर्च किती वाढेल? आणि १४ महिने एकाच भाड्यावर बांधून घ्यावे लागेल का? तसेच बेलभंडार म्हणतात त्याप्रमाणे थांबण्यात खरोखर फायदा आहे का, तेही कृपया सांगावे.

दस्तवाले

मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि परत करायच्या अनामतीवरच्या वार्षिक १० टक्के मानीव व्याजावर मिळून पाव टक्का लागते. ११ महिन्यांचे भाडे २,८६,००० आणि अनामतीचे व्याज सुमारे ९,१६७, म्हणून शुल्क ७३८ रुपयांच्या आसपास येते. १४ महिन्यांच्या करारात पहिल्या बारा महिन्यांना २६,००० आणि उरलेल्या दोन महिन्यांना पाच टक्के वाढवून २७,३०० असे टप्प्याचे भाडे लिहिता येते. त्याची बेरीज ३,६६,६०० होते, त्यात व्याजाचे ११,६६७ मिळवले की शुल्क ९४६ च्या आसपास येते. शंभरात पूर्णांक केले तरी फरक दोनशे रुपयांचा. नोंदणी फी महापालिका हद्दीत दोन्हीकडे एक हजारच आहे.

थांबण्याचा हिशेब असा. मार्च आणि एप्रिल घर रिकामे ठेवले तर ५२,००० भाडे गेले. सोसायटीचा मेंटेनन्स तुम्ही लिहिलेला नाही, तो महिना ३,००० धरला तर आणखी ६,००० गेले. हे ५८,००० पुढच्या ११ महिन्यांत भरून यायचे असतील, तर भाडे महिन्याला ५,२७० रुपयांनी जास्त मिळाले पाहिजे. बेलभंडार यांच्या मेहुण्यांना दोन हजार जास्त मिळाले, ते त्यांचे घर मे महिन्यातच रिकामे झाले होते म्हणून परवडले. ज्याचे घर फेब्रुवारीत रिकामे आहे, त्याने त्याच दोन हजारांसाठी थांबणे म्हणजे चवलीच्या कोंबडीला पावलीचा मसाला आहे. हंगाम गाठायचा तो कराराच्या शेवटाने. घर अडवून ठेवून तो गाठू नये.

बेलभंडार

नोंदणीबद्दलची माझी माहिती चुकीची होती, हे मान्य करतो. परंतु हिशेबात एक गोष्ट राहिली. आज आलेल्या कुटुंबाला अडल्याचे कळले, तर ते २६,००० वर तरी ठरेल का? फेब्रुवारीत घासाघीस होतेच.

दस्तवाले

होते, आणि म्हणूनच एक हजार कमी करावे लागले तरी करावे, असे मी म्हणेन. मात्र त्या बदल्यात शेवटची तारीख स्वतःच्या सोयीची मागून घ्यावी. भाड्यात दिलेली सूट दिसते, तारखेत मिळालेली सूट पुढच्या वर्षी कळते.

अडकित्ता

माझाही असाच प्रश्न आहे. सोलापूरला आमचे वडिलोपार्जित घर आहे, त्यात १९६० च्या दशकापासून एक कुटुंब नाममात्र भाड्याने राहते आणि ते जागा सोडत नाही. शाळेच्या हंगामाआधी त्यांना बाहेर काढण्यासाठी कोणता अर्ज करावा लागेल? आम्ही दोनदा नोटीस दिली आहे.

दस्तवाले

अडकित्ता, आपले प्रकरण जुन्या कुळाचे आहे. त्याचा या धाग्याशी संबंध नाही आणि हंगामाशी तर मुळीच नाही. ते भाडे नियंत्रण कायद्याखाली दिवाणी न्यायालयात चालते. येथे चाललेली चर्चा मुदतीच्या परवान्याची आहे. आपण स्वतंत्र धागा काढावा, तिथे जे ठाऊक आहे ते सांगेन.

उंबरठा

मी ठाण्यात भाड्याने राहते, दोन मुले आहेत, आणि या धाग्यावर भाडेकरूच्या बाजूने कुणीच बोललेले नाही म्हणून लिहिते आहे. ३० एप्रिल ही तारीख मालकाला सोयीची वाटते, पण राज्य मंडळाच्या शाळांच्या वार्षिक परीक्षा हल्ली एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालतात. परीक्षा चालू असताना घरात खोकी बांधायची, त्यातच एजंट संध्याकाळी सात वाजता माणसे घेऊन घर दाखवायला येणार, आणि मूल आतल्या खोलीत गणित सोडवत बसणार. मागच्या घरी मी हे सोसले आहे. शेवटी मी दार उघडणे बंद केले आणि मालकांशी संबंध बिघडले ते अनामतीतून रंगाचे पैसे कापून घेण्यापर्यंत गेले.

नव्या घरी करार करताना मीच दोन गोष्टी मागितल्या. शेवट ३१ मे ला ठेवायचा, आणि पुढे राहायचे की नाही हे दोघांनीही ३१ मार्चपर्यंत एकमेकांना लेखी कळवायचे. कळवल्यावर मी शनिवार-रविवारी घर दाखवू देईन, इतर दिवशी नाही, हेही लिहून घेतले. मालकांना सुरुवातीला ते विचित्र वाटले, पण दोन वर्षे सुरळीत चालले आहे. आपल्या येणाऱ्या कुटुंबात शाळेत जाणारी मुले आहेत का, आणि कोणत्या मंडळाच्या शाळेत, हे आधी विचारा.

दस्तवाले

उंबरठा यांनी लिहिलेली ती ३१ मार्चची अट माझ्या मते शेवटच्या तारखेपेक्षाही महत्त्वाची आहे. करारात तारीख असतेच, पण बहुतेक ठिकाणी भाडेकरू जाणार हे मालकाला शेवटच्या महिन्यात कळते, कारण करारात एक महिन्याची नोटीस लिहिलेली असते. मग हंगाम डोळ्यांसमोरून जातो. निर्णयाची तारीख साठ दिवस आधीची ठेवली, तर जाहिरात, घर दाखवणे, नवा करार हे सारे उरलेल्या दोन महिन्यांत बसते.

गावकूस

मी राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे आणि आतापर्यंत सात बदल्या झाल्या. बदली होऊन येणारा माणूस घर कसा शोधतो, ते सांगतो, म्हणजे तारखेचा वाद थोडा सोपा होईल. आमच्याकडे बदलीचे आदेश साधारण एप्रिल-मेमध्ये निघतात. आठ-दहा दिवसांत रुजू व्हावे लागते, म्हणून मी एकटा पुढे जातो आणि सहकाऱ्याकडे किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहतो. कुटुंब शाळा संपल्यावर, म्हणजे मे अखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात येते. राज्य शासनातल्या मित्रांचे वेळापत्रकही जवळजवळ असेच असते, कारण २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यातच करायच्या असतात. मात्र काही वर्षी शासन ती मुदत पुढे ढकलते आणि आदेश जूनमध्ये हातात पडतात.

म्हणजे घर पाहण्यासाठी माझ्याकडे मे महिन्यातले दोन किंवा तीन रविवार असतात. पुण्यात आलो तेव्हा एका रविवारी पाच घरे पाहायची ठरवली होती, त्यांतल्या दोन ठिकाणी आधीचे भाडेकरू गावी गेलेले, किल्ली कुणाकडे ते एजंटलाही माहीत नाही. तिसऱ्या ठिकाणी घर सामानाने भरलेले, भिंती दिसत नव्हत्या. जे घर रिकामे, रंगवलेले आणि चार वाजता उघडून दाखवता आले, तेच मी घेतले, आणि त्याचे भाडे इतरांपेक्षा पंधराशेने जास्त होते. म्हणून माझे मत ३० एप्रिलच्या बाजूने आहे. ३१ मे ला रिकामे होणारे घर मे महिन्यात बंद किंवा भरलेले असते, कारण राहणारे लोक त्याच महिन्यात गावी जातात.

एक सावधगिरी. आमच्या बँकेत बदलीनंतर मुलांचे शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत जुन्या गावचे भाड्याचे घर ठेवण्याची सवलत मिळते. आपल्याकडे असा भाडेकरू असेल, तर त्याची बदली झाली म्हणजे घर रिकामे झाले असे धरू नका. माझे कुटुंब एकदा माझ्यानंतर दहा महिने जुन्या घरात राहिले होते.

उंबरठा

गावकूस यांचे म्हणणे पटते, पण मग मे महिना पूर्ण रिकामा ठेवण्याचे भाडे मालकाने सोसायला हवे. ते गृहीत धरून ३० एप्रिल म्हणावे.

गावकूस

खरे आहे. मी घेतलेल्या घराच्या मालकांनी तीन आठवड्यांचे भाडे सोडले होते. ते त्यांनी वाढीव भाड्यातून वर्षात भरून काढले असावे, नक्की सांगता येत नाही.

पाणवठा

रंगकामाचा मुद्दा कुणी मांडला नाही. मी सिंहगड रस्त्यावर तीन घरे भाड्याने देतो. पुण्यात जून उलटल्यावर भिंती ओल धरतात आणि पुट्टी वाळत नाही. जुलैत रंगवलेल्या घरात दिवाळीपर्यंत पोपडे येतात. त्यामुळे घर मे महिन्यातच रंगवून झाले पाहिजे, आणि टू बीएचकेला सफाईसह आठ-दहा दिवस लागतात. अडचण अशी की मे महिन्यात बरेच रंगारी आपापल्या गावी जातात. मी एप्रिलच्या सुरुवातीलाच त्यांना सांगून तारीख धरून ठेवतो.

यंदाच्या मे महिन्याची एक गंमत म्हणजे ज्येष्ठ अधिक आहे, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. भाड्याच्या घराला बहुतेक लोक ते मानत नाहीत, पण आमच्याकडे गेल्या अधिकमासात दोन कुटुंबांनी महिनाभर पुढे ढकलले होते. सदाफुली यांनी यंदा थांबू नये याला हेही एक कारण समजावे.

मी मात्र एक चूक केली आहे, ती सांगतो. माझ्या एका घराचा करार डिसेंबरअखेर संपत होता आणि भाडेकरू राहायला तयार होते. तारीख एप्रिलवर आणण्यासाठी मी त्यांच्याशी जानेवारी ते एप्रिल असा चार महिन्यांचा नोंदणीकृत करार केला. कायद्याने काहीच अडचण नव्हती. पण त्यांना धाकट्या मुलासाठी आरटीईच्या २५ टक्के जागांचा अर्ज भरायचा होता आणि त्या अर्जाला अर्जाच्या आधी नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा भाडेकरार लागतो. त्यांचा करार चार महिन्यांचा असल्यामुळे पत्त्याचा पुरावा चालला नाही. ते कुटुंब अतिशय दुखावले आणि मलाही वाईट वाटले. आता तारीख सरकवायची झाली, तर मी मुदत कमी करत नाही, वाढवतो. डिसेंबरला संपणाऱ्या कराराला चार महिन्यांचा जोड देण्याऐवजी जानेवारीपासून सोळा महिन्यांचा करार करतो.

दस्तवाले

पाणवठा यांचा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याला एक जोड देतो. काही मालक तारीख जुळवण्यासाठी, ‘राहा दोन-तीन महिने तसेच, मे महिन्यात बघू’ असे तोंडी सांगून कराराविना राहू देतात. तसे करू नये. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि मधल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. पण तुम्हीच तोंडी परवानगी देऊन भाडे घेत राहिलात, तर त्या अर्जाला पहिला धक्का तिथेच बसतो. शिवाय त्या अर्जालाही महिने लागतात, तेव्हा तो हंगाम गाठण्याचा मार्ग नव्हे.

सदाफुली (२१ फेब्रुवारी)

सर्वांचे आभार. उंबरठा यांच्या सूचनेप्रमाणे त्या कुटुंबाशी सविस्तर बोलले. त्यांची मुलगी आता नववीत आहे, म्हणजे पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिची दहावीची परीक्षा असेल. ११ महिन्यांचा करार केला असता तर तो ३१ जानेवारी २०२७ ला, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर संपला असता. हे मी त्यांना कॅलेंडर काढून दाखवले, तेव्हा गृहस्थ म्हणाले की एजंटने आम्हालाही हे सांगितले नव्हते. त्यामुळे लांब मुदत त्यांनाच अधिक हवी आहे. परंतु अकरावीला कुठे प्रवेश मिळतो त्यावर त्यांचे पुढचे घर ठरणार असल्यामुळे त्यांना ३० एप्रिल नको, ३१ मे हवी आहे.

दुसरा पेच लॉक-इनचा आहे. मी पूर्ण मुदतीचा लॉक-इन मागितला, कारण ते मध्येच ऑक्टोबरात गेले तर हा सारा खटाटोप वाया जाईल. त्यांच्या पत्नीला सहा महिन्यांहून अधिक मान्य नाही.

दस्तवाले

३१ मे मान्य करावी. १५ महिन्यांचा करार होईल, शेवटच्या तीन महिन्यांना वाढीव भाडे. निर्णयाची तारीख ३१ मार्च ठेवा, तोपर्यंत दहावीची परीक्षा संपलेली असेल आणि घर एप्रिलमध्ये दाखवता येईल. मे महिन्यात ते गावी गेले तर एक किल्ली तुम्ही नेमलेल्या माणसाकडे राहील आणि आधी फोन करून घर दाखवले जाईल, अशी अट दोघांच्या संमतीने घाला. गावकूस यांची अडचण त्याने पुष्कळशी सुटते.

पूर्ण मुदतीचा लॉक-इन लिहिता येतो, परंतु भाडेकरू गेलाच तर उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे अनामतीतून कापून घेणे वादात टिकेलच असे नाही. नवा भाडेकरू लगेच मिळाला असेल, तर तुमचे नुकसान किती झाले, हा प्रश्न येतोच. म्हणून मी अशा ठिकाणी सहा महिन्यांचा लॉक-इन आणि त्यानंतर नोटीस महिन्याप्रमाणे वेगळी लिहितो. सप्टेंबर ते फेब्रुवारीत जागा सोडायची असेल तर दोन महिन्यांची, इतर वेळी एक महिन्याची.

बेलभंडार

भाडेकरूच्या नोकरीवर अचानक गदा आली, तर त्याने नोव्हेंबरात दोन महिन्यांचे भाडे कुठून आणायचे? मालकाला हंगाम हवा म्हणून भाडेकरूला दंड, हे मला पटत नाही.

पाणवठा

मी तशी अट घालत नाही, त्याऐवजी जाणाऱ्या भाडेकरूने बदली कुटुंब आणून दिले तर नोटीस माफ करतो. तीनदा उपयोग झाला, एकदा आणलेले कुटुंबच त्रासदायक निघाले.

उंबरठा

दोन महिन्यांची नोटीस मी मान्य केली असती, पण मालकांनीही त्याच महिन्यांत मला काढायचे झाल्यास दोन महिने आधी सांगावे, अशी उलट अट घातली असती. ती येथे कुणी लिहिलेली दिसत नाही.

दस्तवाले

ती लिहायलाच हवी, माझ्याकडून राहिली.

सदाफुली (२६ फेब्रुवारी)

करार ठरला. १ मार्च २०२६ ते ३१ मे २०२७, बारा महिने २५,५०० आणि पुढचे तीन महिने २६,८००. ३१ मार्चची निर्णयाची तारीख आणि किल्लीची अट दोन्ही आहेत. लॉक-इन सहा महिन्यांचाच राहिला. नोटिशीबद्दल शेवटपर्यंत एकमत झाले नाही, म्हणून दोन्ही बाजूंना सरसकट दीड महिना लिहिला आहे. तो कितपत उपयोगी पडेल हे मला सांगता येत नाही. शनिवारी एजंट बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र घेऊन येणार आहे आणि मी त्यासाठी पुण्याला जात आहे. एजंटने १५ महिन्यांचा करार म्हणून दलालीही सव्वापट मागितली, ती मी नाकारली.

पाणवठा, पुढच्या मे महिन्यासाठी आपल्या रंगाऱ्याचा क्रमांक मला निरोपातून पाठवाल का? घर ३१ मे ला हाती येणार असल्यामुळे पाऊस आणि रंग यांची गाठ पडणारच आहे.

पाणवठा

पाठवतो. पण त्यांना ३१ मे सांगू नका, ते त्या सुमारास गावाहून परतलेले नसतात. भाडेकरू गावी जाणार असतील, तर त्यांच्या संमतीने मे महिन्यातच दोन खोल्या उरकता येतील का, हे एप्रिलमध्ये विचारून पाहा.